प्रकल्प नोंदी : भट्टीवरचा राग आणि उशिरा कळणाऱ्या बातम्या

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत मी पहिल्या पाळीचा मेल्टिंग आणि पोरिंगचा प्रमुख आहे. हाताखाली चौदा माणसे आहेत. ताण आला की मी माणसांवर तुटून पडतो, हे मला बरीच वर्षे माहीत होते. पण त्याची किंमत किती, हे २०२४ च्या जूनमध्ये पहिल्यांदा रुपयांत आणि किलोंत कळले. तेव्हापासून ठेवलेल्या नोंदी येथे देत आहे. ज्यांच्यावर पाळी किंवा पथक चालवण्याची जबाबदारी आहे आणि ज्यांची माझ्यासारखीच गत आहे, त्यांना यातल्या चुका तरी उपयोगी पडाव्यात.

८ जून २०२४

एसजी आयर्नचे, म्हणजे गोल ग्राफाइटच्या ओतीव लोखंडाचे काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की भट्टीतून लेडलमध्ये, म्हणजे वितळलेला धातू नेण्याच्या भांड्यात, धातू घेताना मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची प्रक्रिया करतात आणि त्यामुळे आतला ग्राफाइट गोल कणांच्या रूपात तयार होतो. हे मॅग्नेशियम धातूत टिकून राहत नाही, मिनिटामिनिटाला कमी होत जाते. आमच्याकडे प्रक्रियेनंतर ८ मिनिटांत लेडल रिकामी झाली पाहिजे, असा नियम आहे. उशीर झाला तर उरलेला धातू साच्यात न ओतता पिगिंगला टाकायचा, म्हणजे परत वितळवण्यासाठी त्याचे ठोकळे करायचे असतात.

आज तपासणी विभागातल्या वहिनींनी ३६ नगांचा एक गठ्ठा बाजूला काढून ठेवला. हातोडीने ठोकल्यावर त्यातल्या काही नगांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत येत नव्हता, बसका येत होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा निम्म्याहून जास्त ग्राफाइट गोल नव्हताच. नोंदवहीत मात्र त्या लेडलचा वेळ ७ मिनिटे ५० सेकंद असा लिहिला होता, आणि चाचणीचा तुकडा लेडलमधल्या शेवटच्या धातूचा घ्यायचा असताना तो पहिल्या धातूचा घेतला होता. ५ तारखेला क्रेन अडकल्यामुळे ती लेडल प्रत्यक्षात १३ मिनिटे भरलेली राहिली होती. हे भट्टीवरच्या पाच माणसांना माहीत होते आणि मला एकट्याला माहीत नव्हते.

पोरिंगचे मामा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे आहेत. त्यांना विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "साहेब, सांगितलं असतं तर लेडलच्या आदी तुमीच उकळला असता. त्या पोराला ४ तारखेला सगळ्यांफुडं काय बोलला, आटवतंय न्हवं?"

आठवत होते. मोल्डिंगच्या एका साच्यात वाळू सांडली म्हणून मी त्या पोराला "डोके घरी ठेवून येतोस काय" असे अकरा जणांसमोर म्हणालो होतो आणि हातातली फाइल जमिनीवर आपटली होती. दुसऱ्या दिवशी लेडलला उशीर झाला तेव्हा नोंदवही त्याच पोराच्या हातात होती.

हिशेब असा आहे : ३६ नग, प्रत्येकी ९ किलो, म्हणजे ३२४ किलो. किलोला ११० रुपये दराने ३५,६४० रुपये. भट्टीत परत वितळवल्यावर धातूचे किलोमागे सुमारे ४० रुपये वसूल होतात असे धरले, तर निव्वळ तोटा २२,६८० रुपये. यात वीज आणि ग्राहकाकडे गेलेली पत धरलेली नाही.

११ जून

रागाची वही सुरू केली. पहिले तीन दिवस वाया गेले, कारण मी ती रात्री घरी बसून लिहीत होतो. रात्री लिहिलेली प्रत्येक नोंद म्हणजे माझ्या बाजूचे वकीलपत्र होते : समोरच्याने काय केले याच्या चार ओळी आणि माझ्या शरीरात काय झाले याचा एक शब्दही नाही. आजपासून खिशात मावणारी छोटी वही घेतली आहे आणि प्रसंग घडल्यावर अर्ध्या तासाच्या आत उभ्यानेच लिहायचे ठरवले आहे. रकाने चारच : वेळ, त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत मी काय करत होतो, शरीरात पहिले काय जाणवले, आणि तोंडातून काय गेले. कोणाची चूक होती, यासाठी रकाना मुद्दाम ठेवलेला नाही.

१६ जून

राग आला की दहापर्यंत आकडे मोजायचे, हा उपाय पाच दिवस करून पाहिला. माझ्या बाबतीत तो पूर्ण फसला, आणि का फसला ते कळायला मामांची मदत घ्यावी लागली. मी आकडे मोजत होतो ते समोरच्या माणसाकडे रोखून बघत, दात आवळून. मी गप्प आहे म्हणजे शांत आहे, अशी माझी समजूत होती. भट्टीवर मात्र "साहेब मोजायला लागले, आता फुटणार" असा निरोप एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात होता. शिवाय त्या दहा सेकंदांत माझ्या मनात समोरच्याला काय बोलायचे याचीच जुळवाजुळव चाललेली असे. मोजून झाल्यावर निघालेले वाक्य आधीच्यापेक्षा जास्त टोकदार असायचे.

२४ जून

सोमवारच्या सुट्टीत वही घेऊन बसलो. तेरा दिवसांत १७ नोंदी झाल्या आहेत. त्यांतून तीन गोष्टी दिसल्या आणि त्यांतली एकही मला आधी सांगता आली नसती.

पहिली गोष्ट वेळेची. १७ पैकी ११ नोंदी दुपारी २ ते ३.३० या वेळेतल्या आहेत. पाळी साडेतीनला संपते, म्हणून शेवटची घाई हे कारण असेल असे आधी वाटले. पण "आधीच्या दहा मिनिटांत" या रकान्यात त्या ११ पैकी ८ वेळा एकच शब्द होता : फोन. ग्राहकाच्या खरेदी विभागाचा माणूस दुपारी दोननंतर माल कधी निघतो हे विचारायला फोन करतो, आणि मी तो फोन भट्टीवर चालत चालतच घेतो. त्याला मी "हो सर, निघतोय सर" असे म्हणतो आणि फोन खिशात ठेवल्यावर जो पहिला माणूस समोर दिसेल त्याच्या कामात मला चूक सापडते. म्हणजे राग यायचा एकाचा आणि निघायचा दुसऱ्यावर. यातल्या सहा दिवशी मी दुपारचा डबाही उघडला नव्हता.

दुसरी गोष्ट खुणांची. मला वाटत होते की माझा राग एकदम येतो. वहीप्रमाणे तो एकदम येत नाही. आधी उजवा कान गरम होतो. मग मी, उत्तर मिळालेले असूनही, तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतो : "कोणी केलं हे? कोणी केलं?" आणि त्यानंतर एरवी ज्यांना मी "तुम्ही" म्हणतो त्या वयाने मोठ्या माणसांना "तू" म्हणू लागतो. ही तिसरी खूण मला स्वतःला कधीच जाणवली नव्हती. ती मामांनी सांगितली आणि सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. कान गरम होण्यापासून आवाज चढेपर्यंत मला साधारण एक ते दोन मिनिटे मिळतात. जे काही करायचे ते या वेळात करावे लागते. "तू" निघाल्यावर मला काहीही अडवत नाही.

तिसरी गोष्ट उतरायला लागणाऱ्या वेळेची. चार प्रसंगांत मी मनगटाची नाडी मोजली. एरवी ती मिनिटाला ७६ च्या आसपास असते. भडकल्यावर ११२ होती, पाच मिनिटांनी १०० च्या वर होती, आणि ८५ च्या खाली यायला वीस मिनिटांहून जास्त लागली. पाच मिनिटे बाहेर फिरून "आता मी शांत आहे" असे म्हणत परत येणे का फसत होते, ते यावरून कळले.

आजचा निर्णय : फोन भट्टीवर घ्यायचा नाही. खरेदी विभागाला सांगितले आहे, की रोज दुपारी १.४५ ला मीच ऑफिसात बसून फोन करीन आणि आकडा सांगीन. डबा साडेबाराला खायचा, मग वितळणीची कोणतीही हीट चालू असो.

२७ जून

फोनचा बदल लगेच लागू पडला. भट्टीवरून बाजूला होण्याचा बदल मात्र उलटला. कान गरम झाला म्हणून मी काहीही न बोलता तेथून निघालो आणि वीस मिनिटे वाळूच्या शेडमागे उभा राहिलो. परत आलो तेव्हा भट्टीवर चिडीचूप. मी मालकांकडे तक्रार करायला गेलो, असा सगळ्यांचा समज झाला होता आणि त्या दिवशी ज्याच्याकडून चूक झाली होती त्याने आपल्या मेव्हण्याला दुसरीकडे जागा आहे का म्हणून फोनही केला होता.

दुरुस्ती अशी केली, की जाताना दोन वाक्ये मोठ्याने बोलायची : "मला राग आला आहे, मी वीस मिनिटांनी येतो. तोवर मामा सांगतील तसे करा." वेळ सांगायची, ती पाळायची, आणि त्या वेळात निर्णय कोणाचा हेही सांगायचे. शेवटचा भाग विसरलो तर काम थांबते, कारण लेडल वीस मिनिटे थांबत नाही. पहिल्यांदा ही वाक्ये बोलताना मला फार ओशाळल्यासारखे झाले. एकोणीस वर्षांच्या नोकरीत "मला राग आला आहे" असे मी कधी म्हटलेले नव्हते, तो फक्त काढला होता.

२ जुलै

झालेले नुकसान भरून काढण्याचा पहिला प्रयत्न केला आणि तो चांगलाच फसला. पाळी सुरू होण्याआधी सगळ्यांना बोलावले, दोन किलो भडंग आणि चहा आणला, ५६० रुपये खर्च केले, आणि म्हणालो, "गेल्या महिन्यात माझ्याकडून काही कमी-जास्त बोलले गेले असेल. कामाच्या ओघात होते. कोणी मनावर घेऊ नका."

भडंग संपले. पण ज्या पोरामुळे हे सगळे सुरू झाले त्याने कागदातला आपला वाटा उघडलाही नाही, तसाच मशीनवर ठेवला. संध्याकाळी तो कागद तेथेच होता.

या भाषणात काय चुकले ते लिहून काढले. अपमान एकाचा झाला होता आणि माफी चौदा जणांत वाटली होती, त्यामुळे ज्याची होती त्याच्या वाट्याला ती फार थोडी आली. "असेल" म्हणताना ते झाले की नाही याबद्दलच मी शंका घेतली होती. "कामाच्या ओघात" म्हणून कारण पुढे केले होते. आणि "मनावर घेऊ नका" म्हणजे दुरुस्तीचे काम समोरच्यावरच टाकले होते.

५ जुलै

दुसरा प्रयत्न. त्या पोराला केबिनमध्ये बोलावले. तो आला तेव्हा त्याच्या हातात हेल्मेट होते आणि चेहरा उतरला होता. आमच्याकडे केबिनमध्ये बोलावणे म्हणजे एक तर मेमो, नाही तर हिशेब. मी चांगली चार वाक्ये बोललो. त्याने प्रत्येक वाक्याला "हो सर" म्हटले आणि परवानगी मागून निघून गेला. त्याने काय ऐकले असेल, याची मला शंकाच आहे.

९ जुलै

तिसऱ्या वेळी, जेथे बोललो होतो तेथेच, म्हणजे मोल्डिंगच्या रांगेजवळ, पाळी सुरू होताना, त्या दिवशी हजर असलेल्या माणसांपैकी नऊ जण समोर असताना मी त्या पोराला उद्देशून बोललो. आधी कागदावर लिहून घेतले होते आणि एक वाक्य खोडले होते, कारण त्यात "पण" होता. जे बोललो ते असे :

"४ जूनला याच जागी मी तुला डोके घरी ठेवून येतोस काय असे म्हणालो आणि फाइल आपटली. ते चूक होते. साच्यात वाळू सांडली हे तू मला सांगितले होतेस, आणि सांगणाऱ्यालाच मी बोललो. त्यामुळे पुढच्या दिवशी लेडलचा उशीर मला सांगायची तुला भीती वाटली, त्याची जबाबदारी माझी आहे. त्या लेडलच्या नोंदीबद्दल तुझ्यावर काहीही कारवाई होणार नाही, हे मी व्यवस्थापकांकडून लिहून घेतले आहे."

शेवटचे वाक्य मिळवायला मला चार दिवस आणि दोन बैठका लागल्या. ते नसते तर बाकीच्या वाक्यांना किंमत नव्हती, कारण त्या पोराला माझ्या खेदापेक्षा आपल्या नोकरीची काळजी जास्त होती. तो "असू द्या सर" एवढेच म्हणाला. मी त्यापुढे काही विचारले नाही. माफ केलेस ना, असे सर्वांसमोर विचारणे म्हणजे त्याला पुन्हा कोंडीत पकडणे झाले असते.

दुपारी मामांनी आणखी एक जुनी गोष्ट सांगितली. भट्टीवर बिहारचा एक मदतनीस आहे. तो कधीच काही बोलत नाही, त्यामुळे त्याला माझ्या बोलण्याचे काही वाटत नाही, असे मी धरून चाललो होतो. त्याने मे महिन्यातच रात्रपाळी मागितली होती. कारण म्हणून "गरमी" असे लिहिले होते. माझ्या मोडक्या हिंदीत मी त्यालाही भट्टीजवळच सांगितले, "गलती मेरी थी, आप की नहीं." त्याने मान हलवली आणि रात्रपाळीचा अर्ज मात्र मागे घेतला नाही.

१३ जुलै

आज मी ओरडलो, आणि ते चुकीचे नव्हते, असे माझे मत आहे. पाऊस चार दिवस थांबलेला नाही. नव्या अस्तराची लेडल पुरेशी न तापवता टॅपिंगसाठी, म्हणजे भट्टीतला धातू घेण्यासाठी, आणली जात होती. अस्तरात ओल असेल आणि त्यावर १४८० अंशांचा धातू पडला, तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून बाहेर येतो. त्यात माणूस जातो. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "थांबा! टॅप करू नका! मागे सरा!"

सगळे मागे सरले, लेडल पुन्हा बर्नरखाली गेली, आणि त्यानंतर पाच मिनिटे कोणी माझ्याशी बोलेना. माझा मोठा आवाज म्हणजे राग, हे समीकरण इतके पक्के झाले होते की धोक्याची सूचनाही त्यांना शिवीसारखी ऐकू आली. मग तेथेच फरक ठरवला. मोठा आवाज कशासाठी चालेल, तर थांबा, सरा, सोडा, बंद करा, अशा आज्ञेसाठी. त्यात कोणाचे नाव, कोणाची अक्कल, कोणाचे घर येता कामा नये. लेडल कोणी आणली, याची चौकशी आवाज उतरल्यावर आणि बसून. ती केली तेव्हा कळले, की बर्नरचा गॅस सकाळपासून कमी दाबाने येत होता आणि तेही मला कोणी सांगितले नव्हते.

१९ जुलै

माझी "तू" ची खूण मला स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून ती दुसऱ्याने दाखवावी असे ठरवले. मामांना विनंती केली, की मी घसरतोय असे दिसले तर त्यांनी स्वतःच्या हेल्मेटवर दोनदा टिचकी मारावी. मामा आधी नको म्हणाले : "उद्या तुमीच म्हनशीला, म्हातारा माज्यावर हसतोय." मी हसून सोडून दिले.

आज पहिल्यांदा त्यांनी टिचकी मारली, आणि मी काय केले, तर त्यांनाच म्हणालो, "आता तू मला शिकवणार काय?" मामांचा हात हेल्मेटवर तसाच राहिला. मी निघालो, ठरलेली वाक्येही न बोलता निघालो, आणि वीस मिनिटांनी परत येऊन त्याच जागी, त्याच माणसांसमोर त्यांची माफी मागितली : "मामा, मीच सांगितलेले काम तुम्ही केलेत आणि मी तुम्हाला 'तू' म्हणालो. ते चूक होते. खूण चालूच ठेवा, ही विनंती आहे." मामा म्हणाले, "बरं." थोड्या विचारानंतर एक बदल त्यांनीच सुचवला : खूण मला समोरून न करता बाजूने करायची, म्हणजे चारचौघांत माझी परीक्षा चालल्यासारखे दिसणार नाही. हा बदल मला सुचला नसता.

२६ ते २८ जुलै

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडली आहे. चिखली, आंबेवाडीकडची माणसे जनावरे आणि सामान हलवण्यात आहेत, कसबा बावडा ते शिये रस्ता पाण्याखाली आहे. चौदापैकी सहा जण पोहोचले. भट्टी बंद ठेवावी, असे मी सांगितले होते. ऑर्डरमुळे एक भट्टी चालवायचे ठरले. दोन दिवस बारा-बारा तास उभे राहिलो आणि रात्रीची झोप चार तासांवर आली.

२७ ला दुपारी मी घसरलो. प्रयोगशाळेतल्या मुलाने धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोचा निकाल द्यायला सहा मिनिटे लावली आणि मी त्याला म्हणालो, "तुझ्या घरात पाणी शिरलेले नाही, मग तुला कसला एवढा उशीर?" त्याच्या मावशीच्या घरात पाणी शिरले होते. हे मला नंतर कळले, पण ते कळले नसते तरी वाक्य तेवढेच वाईट होते.

त्या दिवसाची नोंद पाहिली तर पहिली खूण आलीच नव्हती, किंवा आली असून मला जाणवली नव्हती. दोन दिवस भट्टीजवळ उभे राहिल्यावर कान गरमच असतो. म्हणजे थकलेल्या दिवशी माझी ही पद्धत मुळातच लंगडी आहे. त्यामुळे अशा दिवसांसाठी वेगळा नियम केला : झोप पाच तासांपेक्षा कमी झाली असेल, तर सकाळीच मामांना सांगायचे आणि त्या पाळीत माणसांना द्यायच्या सूचना त्यांच्यामार्फत जातील. मला हे कमीपणाचे वाटते. तरीही करतो.

एक गोष्ट बदलली होती. जूनमधली माफी मला पस्तीस दिवसांनी जमली होती. या वेळी मी चाळीस मिनिटांत प्रयोगशाळेत गेलो, तेथे हजर असलेल्या दोघांसमोर ते वाक्य जसेच्या तसे पुन्हा उच्चारले आणि ते चूक होते, असे म्हणालो. स्वतःचे घाणेरडे वाक्य शांत आवाजात पुन्हा म्हणणे फार जड जाते. पण "मी जरा जास्त बोललो" असे गुळमुळीत म्हटले, की समोरच्याला ते वाक्य एकट्यालाच सांभाळत बसावे लागते. मग त्याला विचारले, की मावशींसाठी सुट्टी हवी आहे का. त्याने दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस घेतला.

१४ ऑगस्ट

रागाच्या नोंदी कमी झाल्या, याचा अर्थ माणसे सावरली असा होत नाही. मी गप्प बसलो तरी नोंदी कमी होतात. म्हणून जुलैच्या मध्यापासून दुसरे माप ठेवतो आहे : बिघाड झाल्यापासून तो मला कळेपर्यंत किती वेळ गेला. बिघाडाची वेळ मशीनच्या नोंदीवरून किंवा नंतर विचारून काढतो आणि कळल्याची वेळ माझ्या वहीतून.

५ जूनची लेडल : तीन दिवस, आणि तेही वहिनींच्या हातोडीमुळे. १३ जुलैचा कमी दाबाचा गॅस : सुमारे पाच तास. २० जुलैला वाळूतला ओलावा वाढला ते ५० मिनिटांनी कळले. ६ ऑगस्टला क्रेनचा ब्रेक घसरू लागला ते १० मिनिटांनी. काल आतली पोकळी घडवणारा कोअर तुटलेला साचा बंद होण्याआधीच मला दाखवला गेला.

यात एक फसगत झाली, तीही लिहून ठेवतो. सुरुवातीला मी हे माप फळ्यावर लावले. दोन दिवसांतच बारीकसारीक गोष्टी धावत येऊन सांगण्याची चढाओढ लागली आणि कोणी उशिरा सांगितले यावर हसणेही सुरू झाले. फळा पुसला. आता हे आकडे फक्त माझ्या वहीत असतात, कारण ते माझे माप आहे, त्यांचे नाही. बातमी घेऊन येणाऱ्याला माझे पहिले वाक्य कोणते असावे, हेही ठरवून घेतले आहे : "बरे झाले सांगितलेस. आत्ता काय करायला हवे?" चौकशी नंतर. पहिल्या वाक्यात "कसे झाले" हा प्रश्न आला तरी समोरचा जागच्या जागी घट्ट होतो, हे मी तीनदा पाहिले.

३ सप्टेंबर

गणपतीला चार दिवस उरले आहेत, सुट्ट्यांआधी सगळ्यांनाच माल हवा आहे, आणि आज पुन्हा क्रेन अडकली. लेडल भरलेली, अर्धे साचे ओतून झालेले. तोच मोल्डिंगचा पोरगा माझ्याकडे पळत आला आणि धाप लागलेल्या आवाजात म्हणाला, "सर, साडेसहा मिनिटं झाली, क्रेन हालत न्हाई."

कान गरम झाला. मी मामांकडे पाहिले. त्यांचा हात हेल्मेटकडे गेला नव्हता. मी म्हणालो, "बरे झाले सांगितलेस. आत्ता काय करायला हवे?" तो म्हणाला, "आठच्या आत हाललं न्हाई तर पिगिंग." क्रेन नवव्या मिनिटाला हलली. उरलेला २४० किलो धातू पिगिंगला गेला, सतरा नग कमी भरले, आणि ग्राहकाला पावणेदोनच्या फोनवर तसे सांगितले. तो माझ्यावर ओरडला. फोन ठेवल्यावर मी पंचवीस मिनिटे ऑफिसातच बसून राहिलो.

नोंदवहीत पोराने वेळ ९ मिनिटे ५ सेकंद अशी लिहिली आहे आणि चाचणीचा तुकडा आठव्या मिनिटाआधी ओतलेल्या शेवटच्या साच्याबरोबर घेतला आहे. बिहारचा मदतनीस अजून रात्रपाळीलाच आहे.